आठ-चार-दोन की सात-तीन-एक?

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवरून सोळा चिठ्ठ्या कापल्या, त्यांवर एक ते सोळा आकडे लिहिले आणि सतरंजीवर एका ओळीत अशा मांडल्या:

१ ९ २ १० ३ ११ ४ १२ ५ १३ ६ १४ ७ १५ ८ १६

मांडणी अगदीच वेडीवाकडी नाही. एकाआड एक चिठ्ठी पाहिली तर एक ते आठ ओळीने आहेत, आणि मधल्या जागांवर नऊ ते सोळाही ओळीनेच आहेत. शाळेच्या दोन खिडक्यांवरून फॉर्म वाटले, एकीवर एकपासून आणि दुसरीवर नऊपासून, आणि मग कोणीतरी दोन्ही गठ्ठ्यांतला एकेक फॉर्म आलटून पालटून उचलला, तर असाच क्रम तयार होईल. आता या चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावायच्या आहेत. पद्धत ठरलेली आहे, तिचं नाव शेल सॉर्ट. फक्त एक निवड आपल्या हातात आहे: किती अंतरावरच्या चिठ्ठ्या एकमेकींशी ताडून बघायच्या. एवढ्या एका निवडीने काय काय बदलतं, ते या सोळा चिठ्ठ्यांत जवळजवळ सगळं दिसतं.

शेल हे आडनाव आहे. शंख-शिंपल्यांशी त्याचा संबंध नाही, आणि संगणकवाल्यांच्या काळ्या पडद्यावरच्या ‘शेल’शीही नाही. डोनाल्ड शेल हे अमेरिकेतल्या सिनसिनाटीत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करत होते. जुलै १९५९ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात त्यांचा तीन पानांचा लेख आला. त्या काळी संगणकाची स्मृती इतकी तुटपुंजी होती, की यादी लावायला जास्तीची जागा मागणारी पद्धत परवडत नसे. शेल यांची पद्धत यादी आहे त्याच जागेत लावून देत होती.

आधी तिच्या पोटातली जुनी पद्धत बघू. रमी खेळताना आपण हातातले पत्ते लावतो, तीच ती. नवा पत्ता उचलला की उजवीकडून डावीकडे जात, त्याच्याहून मोठे पत्ते एकेक घर सरकवत, योग्य जागी तो खोचायचा. इंग्रजी नावावरून तिला इन्सर्शन सॉर्ट म्हणतात. तेरा पत्त्यांना ती झकास आहे. पण यादी वाढली की ती रडकुंडीला येते, कारण तिच्यात प्रत्येक वस्तू एका वेळी एकच घर सरकते. पाचशेव्या जागी बसलेला एकचा आकडा पहिल्या जागी न्यायचा तर चारशे नव्व्याण्णव वेळा सरकवासरकव. विस्कटलेल्या हजार आकड्यांच्या यादीला सरासरी अडीच लाख सरकवण्या लागतात. दहा लाखांच्या यादीला पंचवीस हजार कोटी. यादी हजारपट झाली तर काम दहा लाखपट होतं.

शेल यांचं म्हणणं असं, की आधी लांब उड्या मारून घ्या. शेजारच्या घराशी न ताडता आठ घरं पलीकडच्याशी ताडा. पहिलं, नववं, सतरावं, पंचविसावं अशा घरांची एक साखळी होते. दुसरं, दहावं, अठरावं अशी दुसरी. प्रत्येक साखळी रमीच्या पत्त्यांसारखी आपल्यापुरती लावायची. इथे एक सरकवणी म्हणजे आठ घरांची उडी. मग अंतर कमी करून चारच्या साखळ्या, मग दोनच्या, आणि शेवटी अंतर एक, म्हणजे आपली जुनी रमीची पद्धतच. तोवर यादी इतकी मार्गी लागलेली असावी, की शेवटच्या फेरीला फारसं काम उरू नये.

संगणकाला हे सांगायला दहाएक ओळी पुरतात:

```python
def shell_sort(a, gaps):
    for h in gaps:
        for i in range(h, len(a)):
            x = a[i]
            j = i
            while j >= h and a[j-h] > x:
                a[j] = a[j-h]
                j -= h
            a[j] = x
```

यातलं `gaps` म्हणजे अंतरांची यादी. बाकी ओळी कायम राहतात, आणि गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या पद्धतीवर जेवढं लिहिलं गेलं त्यातलं बहुतेक या एका शब्दाभोवती फिरतं. शेल यांनी स्वतः सुचवलेली अंतरं अगदी सरळ होती: यादीच्या निम्मं, मग त्याच्या निम्मं, असं करत एकपर्यंत. सोळा चिठ्ठ्यांसाठी आठ, चार, दोन, एक.

तर सतरंजीवर बसू. आठचं अंतर डोळ्यांना दिसावं म्हणून चिठ्ठ्या आठ-आठच्या दोन ओळींत मांडल्या:

१ ९ २ १० ३ ११ ४ १२
५ १३ ६ १४ ७ १५ ८ १६

आता आठ अंतराची साखळी म्हणजे एक उभा स्तंभ. १ च्या खाली ५, ९ च्या खाली १३, २ च्या खाली ६. आठही स्तंभांत वरची चिठ्ठी लहान, खालची मोठी. म्हणजे आठ वेळा ताडून पाहिलं आणि एकही चिठ्ठी हलली नाही. अंतर चार केलं, बारा वेळा ताडलं, कोणी हललं नाही. अंतर दोन, चौदा वेळा ताडलं, तरी तेच. तीन फेऱ्यांत चौतीस तुलना झाल्या आणि यादी होती तशीच राहिली. मग आली शेवटची, एक अंतराची फेरी. दोनला एक मोठी चिठ्ठी ओलांडायची आहे, तीनला दोन, चारला तीन, असं करत आठला सात. बेरीज अठ्ठावीस सरकवण्या. आधीच्या तीन फेऱ्या केल्याच नसत्या तरी अठ्ठावीसच लागल्या असत्या. (अठ्ठावीस ही गणितातली ‘परिपूर्ण’ संख्या: तिला निःशेष भागणाऱ्या १, २, ४, ७, १४ यांची बेरीज तीच येते. एका निरर्थक कामाचं माप इतकं देखणं यावं, याची मला गंमत वाटली.)

हा प्रकार सोळापुरता नाही. यादीची लांबी दोनची घातसंख्या असेल, म्हणजे ३२, ६४, १०२४ अशी, तर निम्म्या-निम्म्याने येणारं प्रत्येक अंतर सम असतं. अंतर सम असलं की विषम घरातली चिठ्ठी विषम घरांनाच भेटते आणि सम घरातली सम घरांना. दोन्ही गटांची गाठ पडते ती थेट शेवटच्या फेरीत, जेव्हा एका वेळी एकच घर सरकायचं असतं. १०,४८,५७६ वस्तूंची यादी अशीच एकाआड एक मांडली, तर शेवटच्या फेरीत पावणेचौदा हजार कोटींच्या आसपास सरकवण्या होतील, आणि त्याआधीच्या एकोणीस फेऱ्या नुसत्या हात हलवत जातील.

आता त्याच सोळा चिठ्ठ्या पुन्हा मूळ क्रमाने लावू आणि अंतरं घेऊ सात, तीन, एक. सातच्या ओळी करायच्या:

१ ९ २ १० ३ ११ ४
१२ ५ १३ ६ १४ ७ १५
८ १६

पहिल्या स्तंभात १, १२, ८ आहेत. आठ वर, बारा खाली: एक सरकवणी. दुसऱ्यात ९, ५, १६: पाच वर, नऊ खाली. चौथ्यात १० आणि ६ यांची अदलाबदल, सहाव्यात ११ आणि ७ यांची. एकूण चार सरकवण्या. चिठ्ठ्या पुन्हा एका ओळीत ठेवल्या की असं दिसतं:

१ ५ २ ६ ३ ७ ४ ८ ९ १३ १० १४ ११ १५ १२ १६

मी हे पहिल्यांदा हाताने केलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं. फक्त चार हालचालींत एक ते आठ सगळे डाव्या अर्ध्यात आणि नऊ ते सोळा सगळे उजव्या अर्ध्यात. मग तीनची फेरी. पहिल्या साखळीत १, ६, ४, १३, ११, १६ येतात, तिथे दोन सरकवण्या. उरलेल्या दोन साखळ्यांत एकेक. पुन्हा एकूण चार, आणि यादी होते:

१ ३ २ ४ ५ ७ ६ ८ ९ ११ १० १२ १३ १५ १४ १६

शेवटच्या फेरीत चार शेजारजोड्या उलटायच्या, की झालं. चार, चार, चार, मिळून बारा. आठ-चार-दोनला अठ्ठावीस लागल्या होत्या, तेही चौतीस फुकट तुलनांनंतर.

सात-तीन-एकमध्ये असं काय आहे? त्याचं उत्तर दोन पायऱ्यांत मिळतं आणि दोन्ही पायऱ्या सुंदर आहेत.

पहिली पायरी कवायतीच्या मैदानावर सापडते. मुलं आडव्या रांगांत उभी आहेत. प्रत्येक आडव्या रांगेत डावीकडून उजवीकडे उंची वाढत जाते. आता मास्तरांनी सांगितलं, की आडव्या रांगा विसरा आणि प्रत्येक उभ्या स्तंभात पुढे बुटका, मागे उंच असे उभे राहा. मुलं आपापल्या स्तंभातच पुढे-मागे झाली. आधी लावलेल्या आडव्या रांगा आता बिघडल्या असणार, असं आपल्याला वाटतं. त्या बिघडत नाहीत. समजा शेजारशेजारचे दोन स्तंभ आहेत आणि उजव्या स्तंभातला तिसरा मुलगा आपण बघतोय. तो आणि त्याच्या पुढचे दोघे, या तिघांनाही मुळात डाव्या हाताला आपल्याहून उंच नसलेला एकेक शेजारी होता. म्हणजे डाव्या स्तंभात किमान तीन मुलं या तिसऱ्याहून उंच नाहीत. मग डाव्या स्तंभाचा तिसरा बुटका याच्याहून उंच असेलच कसा? शेल सॉर्टमध्येही हेच घडतं. सात अंतराने लावलेली यादी नंतर तीन अंतराने लावली, तरी ती सात अंतराने लावलेलीच राहते. आधीच्या फेरीची कमाई पुढची फेरी उधळत नाही.

दुसरी पायरी दुकानाच्या गल्ल्यावरची आहे. समजा एका देशात फक्त तीन आणि सात रुपयांची नाणी चालतात आणि सुटे परत मिळत नाहीत. कोणत्या रकमा देता येतील? तीन, सहा, सात, नऊ, दहा जमतात. बारा जमतात, तेरा म्हणजे सात आणि दोन तीन. न जमणाऱ्या रकमा फक्त सहा: १, २, ४, ५, ८ आणि ११. बारा रुपयांपासून पुढची प्रत्येक रक्कम देता येते. आता नाण्यांच्या जागी अंतरं ठेवा. यादी सातनेही लावलेली आहे आणि तीननेही. मग कोणत्याही घरापासून सात घरं पुढे गेलं की तिथली चिठ्ठी लहान नसणार, तिथून तीन पुढे गेलं तरी नसणार, आणखी तीन गेलं तरी नसणार. म्हणजे तेरा घरं पलीकडची चिठ्ठी योग्य बाजूलाच आहे, आणि हे तिला कधी न ताडताच आपल्याला कळलं. उलटापालट उरली असेल तर ती फक्त न जमणाऱ्या अंतरांवर, म्हणजे १, २, ४, ५, ८ आणि ११ वर. म्हणून शेवटच्या फेरीत एका चिठ्ठीला जास्तीत जास्त सहा चिठ्ठ्या ओलांडाव्या लागतील. यादी सोळाची असो वा दहा लाखांची, एका चिठ्ठीमागे सहाच.

आठ, चार आणि दोन रुपयांच्या नाण्यांनी मात्र विषम रक्कम कधीच देता येत नाही. तिन्ही नाणी मिळून दोनच्या एका नाण्याइतकंच बोलतात. सगळा घोळ तिथे आहे. शेल यांची अंतरं एकमेकांचीच पटीतली भावंडं असल्यामुळे प्रत्येक नवी फेरी आधीच्या फेरीला ठाऊक असलेलंच पुन्हा विचारते.

हे लगेच लक्षात आलं असावं. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, फ्रँक आणि लॅझारस या दोघांनी साधी मलमपट्टी सुचवली: निम्मं करत जा, पण अंतर सम आलं तर त्यात एक मिळवून ते विषम करा. १९६३ मध्ये थॉमस हिबर्ड यांनी १, ३, ७, १५, ३१, ६३ ही मालिका मांडली. सूत्र `2^k - 1`. यातली प्रत्येक संख्या आधीच्या संख्येच्या दुपटीहून एकाने जास्त असते, त्यामुळे लागोपाठच्या दोन अंतरांना एक सोडून दुसरा समान विभाजक असूच शकत नाही. आपल्या सात-तीन-एकचं घराणं हेच. १९६५ मध्ये पापेर्नोव्ह आणि स्तासेविच या सोव्हिएत संशोधकांनी दाखवून दिलं, की या मालिकेने अगदी वाईटात वाईट यादीलाही लागणारं काम `N^(3/2)` च्या प्रमाणातच वाढतं. दहा लाखांच्या यादीसाठी `N^2` म्हणजे एक लाख कोटी आणि `N^(3/2)` म्हणजे शंभर कोटी. या हिशेबात बाहेरचे लहानमोठे गुणक धरलेले नाहीत, पण दोन्हींमधली दरी कळायला एवढं पुरे. पुढे १९८० च्या दशकात रॉबर्ट सेजविक यांनी १, ८, २३, ७७, २८१ अशी मालिका रचून हे काम `N^(4/3)` वर, म्हणजे याच मोजमापाने दहा कोटींवर आणलं.

मूळची निम्म्या-निम्म्याची रीत मात्र टिकून राहिली. कर्निघन आणि रिची यांच्या सी भाषेवरच्या प्रसिद्ध पुस्तकात शेल सॉर्टचं उदाहरण आहे आणि त्यात अंतर दरवेळी निम्मंच होतं. तीन `for` एकात एक कसे बसवायचे, हे दाखवण्यासाठी ते आहे, त्यामुळे लेखकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ती ओळ पाठ करून बाहेर पडलेल्या पिढ्याच्या पिढ्या आहेत, आणि त्यांत मीही आहे. विस्कटलेल्या यादीवर ती तशी बरी चालते, म्हणून शंका येत नाही. शंका आली तर प्रत्येक फेरीच्या शेवटी त्या फेरीतल्या सरकवण्यांचा आकडा छापून बघावा. आधीच्या फेऱ्यांत शून्य-शून्य आणि शेवटच्या फेरीत डोंगर दिसला, की अंतरांना समान विभाजक आहे असं समजावं.

मग नाण्यांचा विचार टोकाला नेला तर? वॉन प्रॅट यांनी १९७१ च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये डोनाल्ड क्नूथ यांच्या हाताखाली पीएचडी करताना नेमकं तेच केलं. (सन मायक्रोसिस्टिम्सचं ते चौकोनी बोधचिन्ह याच प्रॅट यांचं.) दोन आणि तीन रुपयांच्या नाण्यांनी न देता येणारी रक्कम एकच आहे: एक रुपया. म्हणजे यादी तीननेही लावलेली असेल आणि दोननेही, तर शेवटच्या फेरीत कोणालाही एका घरापेक्षा जास्त सरकावं लागणार नाही. पण मग दोनच्या फेरीलाही हेच सुख हवं असेल तर आधी चार आणि सहाच्या फेऱ्या झालेल्या हव्यात. तीनच्या फेरीसाठी सहा आणि नऊच्या. असं मागे जात राहिलं की फक्त दोन आणि तीन यांच्या गुणाकारांनी बनणाऱ्या सगळ्या संख्या अंतरं म्हणून लागतात: १, २, ३, ४, ६, ८, ९, १२, १६, १८... या मालिकेत कोणत्याही फेरीत कोणतीही चिठ्ठी एकाहून जास्त उडी मारत नाही. वाईटात वाईट यादीसाठी कागदावर याहून चांगली हमी शेल सॉर्टच्या कुठल्या मालिकेने दिलेली नाही.

तरी ती कोणी फारशी वापरत नाही. दहा लाखांपर्यंत अशा संख्या १४२ आहेत. म्हणजे १४२ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत कोणी हलो न हलो, जवळजवळ सगळ्या यादीला विचारत जायचं: तू बरोबर आहेस ना? नुसत्या या विचारपुशीच्याच बारा कोटींच्या आसपास तुलना होतात. सरकवण्या वाचवण्याच्या नादात तुलनांचं बिल वाढतं. याउलट फेऱ्या फार कमी केल्या, तर प्रत्येक फेरीत सरकवण्यांचा ढीग. खरी कसरत या दोघांच्या मध्ये आहे. क्नूथ यांनी १९७३ मध्ये सुचवलेली १, ४, १३, ४०, १२१ ही मालिका, म्हणजे दरवेळी तिप्पट अधिक एक, तिथेच कुठेतरी बसते. लक्षात ठेवायला सोपी असल्यामुळे ती खपलीही खूप. फाइली दाबून लहान करणाऱ्या `bzip2` या प्रोग्रॅमच्या कोडमध्ये आजही हे आकडे ओळीने लिहिलेले सापडतात. `uClibc` हे लहान उपकरणांसाठीचं सी भाषेचं ग्रंथालयही यादी लावण्यासाठी शेल सॉर्टच वापरतं. मोठ्या यंत्रांवर क्विकसॉर्टसारख्या पद्धती शेलला मागे टाकतात, पण जिथे कोड आखूड हवा आणि जास्तीची स्मृती मिळणार नाही, तिथे तिची जागा पक्की आहे.

आणखी एक पर्याय म्हणजे अंतर निम्मं न करता २.२ ने भागणं. संगणकावर हे `h = h*5/11` असं लिहितात आणि अपूर्णांक सोडून देतात. मी एकदा ते तसंच लिहिलं आणि सोळा आकड्यांवर तपासलं: १६, मग ७, ३, १. उत्तम. पंधरा आकडे दिले तर यादी जवळजवळ लागलेली, पण एखाददुसरी जोडी उलटी. बराच वेळ मी तुलनेच्या ओळीवरच डोळे रोखून बसलो होतो. दोष वेगळीकडे होता. १५ वरून ६, ६ वरून २, आणि २ ला पाचने गुणून अकराने भागलं की पूर्णांकात उरतं शून्य. एक अंतराची फेरी झालीच नव्हती. कोणतीही मालिका घ्या, शेवटी एक आलाच पाहिजे. दोनवर आल्यावर पुढचं अंतर सक्तीने एक करायचं, एवढाच यावर उपाय. अशा चुकीची खोड अशी, की ती काही लांबींवरच उगवते आणि यादी बघताक्षणी लागलेलीच वाटते.

या सगळ्या मालिकांमागे काही ना काही सूत्र आहे. सगळ्यात नावाजलेल्या मालिकेमागे मात्र ते नाही. पोलंडच्या मार्चिन चुरा यांनी २००१ मध्ये वेगळाच रस्ता धरला. सिद्धता बाजूला ठेवून त्यांनी निरनिराळ्या अंतरमालिका विस्कटलेल्या याद्यांवर पळवल्या. प्रत्येक मालिकेला सारखाच वेळ दिला असता तर काम कधी संपलंच नसतं. म्हणून त्यांनी संख्याशास्त्रातली अशी रीत वापरली, की जी मालिका थोड्याच चाचण्यांत सुमार दिसते ती तिथेच बाद, आणि जी आशा दाखवते तिचीच पुढे कसून परीक्षा. त्यांतून १, ४, १०, २३, ५७, १३२, ३०१, ७०१ हे आकडे हाती आले. काही हजार वस्तूंपर्यंतच्या याद्यांवर, सरासरी वेळ धरून, ते तोवरच्या सर्वोत्तम मालिकांहून सुमारे तीन टक्क्यांनी सरस ठरले. ७०१ च्या पुढे काय, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मोठी यादी असेल तर लोक ७०१ ला सव्वादोनने गुणत पुढे जातात: १५७७, ३५४८, ७९८३. या हिशेबाने दहा लाखांच्या यादीला सोळा फेऱ्या पुरतात, प्रॅट यांच्या १४२ च्या जागी. हे सव्वादोन म्हणजे साधारण तोच गुणक, जो जपानच्या तोकुदा यांच्या १९९२ मधल्या १, ४, ९, २०, ४६, १०३ या मालिकेत आहे.

शेल सॉर्टला सरासरी किती काम लागतं, याचं नेमकं सूत्र या चांगल्या मालिकांपैकी एकीसाठीही कोणाला काढता आलेलं नाही. वाईटात वाईट यादीबद्दल एवढं सिद्ध झालं आहे, की अंतरं कशीही निवडली तरी शेल सॉर्ट सर्वात जलद पद्धतींच्या `N log N` या मर्यादेला गाठू शकणार नाही. तो निकाल १९९० च्या दशकातला आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर मी पुन्हा सतरंजीवर बसलो, चिठ्ठ्या मूळ क्रमाने लावल्या आणि चुरा यांची मालिका घेतली. सोळासाठी तिच्यातली १०, ४, १ एवढीच अंतरं लागू होतात. दहाची फेरी: १ समोर ६, ९ समोर १४, २ समोर ७, १० समोर १५, ३ समोर ८, ११ समोर १६. कोणी हललं नाही. चारची फेरी: कोणी हललं नाही. मग लक्षात आलं, दहाही सम आणि चारही सम. यादी मोठी असती तर २३, ५७, ३०१, ७०१ हे विषम आकडे मदतीला आले असते; सोळात त्यांना जागाच नाही. चुरा यांनी मोजली होती सरासरी, आणि सोळा चिठ्ठ्या मांडण्याच्या तऱ्हा सुमारे एकवीस लाख कोटी असतात. त्यांतली ही एक तऱ्हा सरासरीच्या खिजगणतीतही नसणार. दोन खिडक्यांवरचे फॉर्म एकत्र करणाऱ्याच्या टेबलावर मात्र नेमकी हीच येते. शेवटच्या फेरीत सरकवण्या मोजल्या. अठ्ठावीस.